कॅप लावलेला टी अँड एम की टार्गेट कॉस्ट? (बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं सॉफ्टवेअर)

विश्रामबागकर

सांगलीत विश्रामबागला आमची चार जणांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. तासगाव रोडवरच्या एका बेदाणा कोल्ड स्टोरेजचं काम आलंय. आवक पावती, लॉट नंबर, कुठला माल कुठल्या चेंबरात, भाड्याची बिलं, बँकेकडं तारण असलेला लॉट अडवून ठेवणं, सौद्यानंतरचा नावबदल, असं सगळं. नव्या हंगामाची आवक सुरू व्हायच्या आत चालू पाहिजे, एवढी एकच गोष्ट मालकांनी ठामपणे सांगितलीय. बाकीचं सगळं आधीच लिहून देणं त्यांनाही जमणार नाही आणि आम्हालाही नको आहे. दर पंधरवड्याला दाखवायचं, त्यांनी सांगितलं की बदलायचं, असं ठरलंय.

आता त्यांच्या पुण्याच्या भाच्यानं कराराचा मसुदा पाठवलाय. बिल तासांवर लावा, पण एकूण २१ लाखांच्या वर जाणार नाही. सोबत ४३ फीचरची यादी. आमचा हिशेब असा: टीमचा खर्च महिन्याला ३ लाख, बिल ३.५ लाख, अंदाज ६ महिने. म्हणजे २१ बरोबर बसतात. भाचा म्हणतो, हा अजाइल करार आहे, यात रिस्क दोघांत वाटली जाते. मला वाचून तसं वाटेना, पण नेमकं कुठं खुपतंय ते धड सांगताही येईना. असा करार कुणी केलाय का? सगळे आकडे जीएसटी सोडून आहेत.

टेस्टरताई

खुपतोय तो कॅप. काढून टाकायला सांगा. काम बदलत जाणार असेल तर सरळ टी अँड एम घ्यावा, जेवढे तास तेवढे पैसे. कॅप म्हणजे ग्राहकानं सगळी रिस्क तुमच्या गळ्यात घालायची.

एमबी_रेकॉर्ड

मी सिव्हिलवाला, सार्वजनिक बांधकामची कामं करतो, त्यामुळं सॉफ्टवेअरचं मला कळत नाही. पण यात नवीन ते काय? आमच्याकडं बी-२ निविदा असते, आयटम रेटची. खोदाई निघाली तेवढी मोजायची, काँक्रीट ओतलं तेवढं मोजायचं, मेजरमेंट बुकात चढवायचं, दराने गुणायचं. अंदाजापेक्षा प्रमाण वाढलं तर पैसे वाढतात. हाच तुमचा टी अँड एम झाला की.

कृष्णाकाठ

एमबी साहेब, जवळ आलात पण मधे एक मोठी गोष्ट सुटली. बी-२ मध्ये पैसे मिळतात ते झालेल्या कामाच्या मापाला. एक घनमीटर खोदायला तुमच्या माणसाला दिवस लागला की तीन, हे मेजरमेंट बुकात येत नाही. काम किती निघेल याची रिस्क सरकारची, आणि ते किती वेगानं होईल याची रिस्क ठेकेदाराची. टी अँड एममध्ये माप तासांचं असतं. म्हणजे दोन्ही रिस्क ग्राहकाच्या. म्हणून ग्राहक बिचकतो आणि कॅप मागतो. त्याचं चुकत नाही.

टेस्टरताई, कॅप नुसता काढा म्हणून कुठलाही मालक ऐकणार नाही. आणि कॅप मुळात वाईटही नसतो. तो कशाला बांधलाय ते बघायचं. विश्रामबागकर, त्या यादीबद्दल मसुद्यात नेमकं वाक्य काय आहे ते इथं टाका. सगळा करार त्या एका वाक्यात आहे.

विश्रामबागकर

हे घ्या: "परिशिष्ट अ मधील सर्व ४३ बाबी पूर्ण करून देणे पुरवठादारावर बंधनकारक राहील. एकूण देयक रु. २१ लाखांपेक्षा अधिक होणार नाही."

कृष्णाकाठ

मग हा टी अँड एम नाहीच. फिक्स्ड प्राइसपेक्षाही वाईट आहे. तुमचेच आकडे घालून बघा.

सहा महिन्यांत झालं तर बिल २१, खर्च १८, नफा ३ लाख. पाच महिन्यांत उरकलं तर बिल १७.५, खर्च १५, नफा अडीच. म्हणजे चांगलं काम करून लवकर संपवल्याबद्दल अर्ध्या लाखाचा दंड. सात महिने लागले तर खर्च २१, बिल २१, नफा शून्य. आठ लागले तर घरचे ३ लाख घालायचे. साध्या फिक्स्ड प्राइसमध्ये निदान पाच महिन्यांत संपवल्यावर ६ लाख तुमचे झाले असते. इथं वाचलेला सगळा पैसा मालकाचा आणि वाढलेला सगळा खर्च तुमचा. रिस्क वाटून घेतली म्हणावं असं यात काहीच नाही.

तेच वाक्य बदलून "परिशिष्टातील बाबी मालक ठरवतील त्या क्रमाने, २१ लाखांच्या मर्यादेत" असं केलं, तर कॅप पैशाला बांधला आणि यादी मोकळी राहिली. पैसे संपले की काम थांबतं, वरून जेवढं झालं तेवढं झालं. यात तुमची रिस्क फार थोडी, आणि मालकाची रिस्क अशी की तळाची दहा फीचरं राहून जातील. चालू सिस्टीममध्ये भर घालायची असेल तिथं हे छान चालतं. तुमच्या मालकांना मात्र अर्धवट सिस्टीमवर हंगाम काढता येणार नाही. आवक पावती झाली आणि भाड्याचं बिल झालं नाही, तर त्यांना एक कारकून वहीवर बसवावाच लागणार.

म्हणून मी तुमच्या जागी टार्गेट कॉस्टचा प्रस्ताव ठेवला असता. खर्चाचं टार्गेट १८ लाख, टार्गेट नफा ३ लाख, म्हणजे टार्गेट किंमत २१ लाखच. प्रत्यक्ष खर्च १८ च्या वर गेला तर वाढीचा अर्धा भार मालकाचा, अर्धा तुमच्या नफ्यातून. खाली राहिला तर बचतही अर्धी अर्धी. वर सीलिंग २४ लाख, त्यापुढं मालक एक रुपया देणार नाही.

आता तेच महिने पुन्हा लावा. पाच महिन्यांत झालं तर खर्च १५, बचत ३, तुमचा नफा साडेचार, मालक देणार १९.५. सात महिने लागले तर खर्च २१, तुमचा नफा दीड, मालक देणार २२.५. आठ महिने लागले तर खर्च २४, तुमचा नफा शून्य, मालक देणार २४. त्यापुढचा प्रत्येक रुपया तुमच्या खिशातून. अमेरिकी सरकारी खरेदीतल्या इन्सेंटिव्ह करारांत या वळणाला पॉइंट ऑफ टोटल अझम्प्शन म्हणतात. तो काढायचा असा:

```
PTA = (सीलिंग − टार्गेट किंमत) ÷ ग्राहकाचा वाटा + टार्गेट खर्च
    = (24 − 21) ÷ 0.5 + 18 = 24 लाख
```

सही करायच्या आधी हा आकडा काढाच. कारण तिथून पुढं हा करार मुकाट्यानं फिक्स्ड प्राइस होतो.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून लिहितोय. आमच्या दुकानाच्या बिलिंग ॲपला एकानं निम्मे पैसे ॲडव्हान्स घेतले आणि फोन उचलायचा बंद केला. असा टार्गेट करार केला असता तर पैसे परत मिळाले असते का?

कृष्णाकाठ

नाही दादा. पळून जाणाऱ्याला कुठलाच करार अडवत नाही. तुमच्या कामाला ॲडव्हान्स लहान ठेवणं, दर पंधरवड्याला चालू अवस्थेत काम ताब्यात घेणं आणि सोर्स कोड तुमच्या खात्यावर असणं, एवढ्यानं भागलं असतं. टार्गेट कॉस्टला तर उलट जास्त विश्वास लागतो. समोरच्यानं आपली वही उघडून दाखवायची असते.

शीतगृहवाला

माझंही कवठेमहांकाळकडं बेदाण्याचं स्टोरेज आहे, त्यामुळं मी मालकाच्या बाजूनं बोलणार, राग मानू नका. पाच महिन्यांत झालं तर भाच्याच्या मसुद्यात १७.५ द्यायचे आणि कृष्णाकाठांच्या हिशेबात १९.५. पोरांनी लवकर संपवलं म्हणून मी दोन लाख जादा का मोजू? आणि आठ महिने लागले तर २१ चे २४ का? दोन्हीकडून मीच लुटला जातोय की राव.

टेस्टरताई

काका, ते १७.५ कागदावर आहेत. लवकर संपवून नफा कमी होत असेल तर पाच महिन्यांत संपवेल कोण? सहाव्या महिन्यात बटणांचे रंग बदलत बसतील आणि बिल लावतील.

कृष्णाकाठ

ताई म्हणतायत ते खरं आहे, त्यात अजून एक धरा. ज्याच्यावर वाढीचा सगळा भार आहे तो हुशार असला तर २१ चा कॅप घेतच नाही, २५ चा मागतो. आणि हुशार नसला तर २१ ला सही करून सातव्या महिन्यात तुमच्या कामावरचा चांगला माणूस दुसरीकडं हलवतो. पहिल्या प्रकारात तुम्ही रिस्कचे पैसे आगाऊ भरले, ती आली असो वा नसो. दुसऱ्या प्रकारात आवकीच्या गाड्या दारात उभ्या असताना सिस्टीम अडकली. टार्गेटमध्ये जादा पैसे खरोखर खर्च वाढला तरच जातात, आणि तेही अर्धेच.

काका, तुमच्यासारख्या माणसाला खरं विचारायचंय ते वेगळंच. नावबदल तुमच्याकडं कसा होतो? मसुद्यात बहुतेक "लॉट ट्रान्सफर" एवढंच लिहिलेलं असणार.

विश्रामबागकर

बाब क्रमांक १७, "लॉट ट्रान्सफर सुविधा". एवढंच.

शीतगृहवाला

असं बघा. शेतकऱ्याचा ४०० बॉक्सचा लॉट आत आहे. सौद्यात त्यातले २५० गेले. माल जागचा हलत नाही, चेंबर तोच. फक्त २५० बॉक्स व्यापाऱ्याच्या नावावर चढतात आणि १५० शेतकऱ्याच्या नावावर राहतात. भाडं आमच्याकडं महिन्यावर, दिवसावर तोडत नाही. मग सौदा १२ तारखेला झाला तर त्या चालू महिन्याचं भाडं कुणी द्यायचं? आमच्याकडं विकणाऱ्यानं. शेजारच्या स्टोरेजला घेणाऱ्याकडून घेतात. आणि शेतकऱ्यानं मालावर बँकेचं कर्ज काढलेलं असलं तर बँकेचं पत्र हातात पडेपर्यंत नावबदल नाही. कधी कधी बँक म्हणते १०० बॉक्स सोडा, बाकीचे ठेवा. तोच व्यापारी पुढं महिन्याभरात त्यातले ८० तिसऱ्याला विकतो. हे सगळं नावबदलातच आलं, त्यात वेगळं काय सांगायचं?

विश्रामबागकर

आम्ही १७ नंबरला नाव बदलायची एक स्क्रीन धरली होती, चारेक दिवसांची. हे ऐकून अर्धा महिना तरी जाईल, टेस्टिंग वेगळंच. हे जादा काम नाही का?

शीतगृहवाला

जादा कसलं? स्टोरेजमध्ये नावबदल असाच होतो!

कृष्णाकाठ

हा वाद इथं झाला ते बरं झालं, करारात कशाचं भांडण होतं ते आता सगळ्यांना दिसतंय. दोघंही प्रामाणिक आहेत आणि दोघांचंही खरं आहे. अर्धा महिना म्हणजे दीड लाखाचा खर्च. भाच्याच्या मसुद्यात प्रश्न असा पडतो की हे १७ नंबरात येतं की नाही. येतं म्हटलं तर दीडच्या दीड लाख विश्रामबागकरांचे गेले. नाही म्हटलं तर दीड लाख आणि वर नफा मालकांनी द्यायचा. एवढ्या पैशासाठी माणसं जुने मेल उकरतात.

टार्गेटमध्येही प्रश्न उरतोच, फक्त रूप बदलतं: या कामानं टार्गेट हलतं की नाही? हललं तर टार्गेट १८ चं साडेएकोणीस होतं आणि दीड लाख मालकांचे. नाही हललं तर तो ओव्हररन, पाऊण लाख मालकांचे आणि पाऊण विश्रामबागकरांचे. म्हणजे भांडण फार तर पाऊण लाखाचं राहिलं. हरणाऱ्याचं नुकसान अर्ध्यावर आलं की सूरही खाली येतो. वाटून घेतलेली रिस्क म्हणजे प्रत्यक्षात एवढंच.

पण यासाठी टार्गेट कशानं हलतं ते फार थोडक्यात लिहिलं पाहिजे. मी तीनच गोष्टी ठेवतो. नियम किंवा कायदा बदलला. ग्राहकाकडून यायची गोष्ट वेळेवर आली नाही, इथं वजनकाट्याची जोडणी. आणि यादीत नसलेला पूर्ण नवा प्रकार, समजा दुसऱ्या गावची शाखा. यादीतल्या एखाद्या बाबीचा तपशील आत शिरल्यावर वाढला, तर टार्गेट हलत नाही, तो दोघांच्या खिशातून. इंग्लंडातल्या बांधकामाच्या एनईसी करारांत ऑप्शन सी म्हणून टार्गेटचाच प्रकार आहे, तिथंही टार्गेट हलवणाऱ्या घटनांची यादी करारात बांधलेली असते. एमबी साहेबांना तो वाचायला आवडेल. मात्र तिथली यादी बरीच लांब आहे, तुम्ही तशी करू नका.

एमबी_रेकॉर्ड

आमच्याकडं जादा बाब निघाली की मंजुरीला फाइल जाते आणि ती येईपर्यंत काम उभं. तुमच्या या पद्धतीत काम थांबत नाही हे बरं आहे. पण तासांचं मेजरमेंट बुक लिहिणार कोण? ठेकेदारानंच लिहायचं आणि ठेकेदारानंच सही करायची?

हिशेबी

मिरजेत अकाउंटचं काम करते. मलाही तेच विचारायचंय. "खर्च" म्हणजे काय? पगार, भाडं, लाइट बिल, लॅपटॉपचा घसारा, सगळं मालकांना दाखवणार? कोण दाखवेल? माझा एकही क्लायंट दाखवणार नाही. आणि न दाखवता वाटणी कशाची करायची?

कृष्णाकाठ

बरोबर बोट ठेवलंत. लहान कंपनीनं पगाराच्या वह्या उघडायच्या नाहीत. ताशी खर्चाचा एक दर आधीच मान्य करून घ्यायचा, नफा वगळून. मग खर्च म्हणजे तास गुणिले तो दर, आणि तपासायचे फक्त तास. आठवड्याला टास्कनिहाय तास मालकांच्या माणसाला पाठवायचे. सात दिवसांत हरकत नाही आली तर मान्य. एमबी साहेब, हेच तुमचं मेजरमेंट बुक, दोन सह्यांचं.

हिशेबी

मग दरातच नफा लपवता येतो की! खरा खर्च महिन्याला अडीच लाख आणि सांगितला तीन.

कृष्णाकाठ

लपवतातच. म्हणून तर वाटा किती ठेवायचा याला महत्त्व आहे. समजा दरात महिन्याला ५० हजार लपलेत. वाटा निम्मा निम्मा असेल तर महिनाभर उशीर झाल्यावर कंपनीच्या उघड नफ्यातून दीड लाख जातात आणि लपलेले ५० हजार मिळतात, म्हणजे निव्वळ एक लाखाचा फटका. काम लवकर संपवावं असंच वाटणार. आता कंपनीचा वाटा १० टक्के केला. उशिराच्या महिन्याला ३० हजार जातात आणि ५० हजार मिळतात. म्हणजे रेंगाळण्यातच २० हजारांचा फायदा, आणि कागदावर मात्र टार्गेट कॉस्ट. कंपनीनं फारच कमी वाटा आनंदानं मागितला, तर मालकांनी दर पुन्हा तपासावा.

टेस्टरताई

मला यातलं बचतीचं गणित पटत नाही. मालकांनी चौथ्या महिन्यात सांगितलं की खालची पंधरा फीचरं नकोत, एवढ्यावर माझं भागतं. मग खर्च १२ वर थांबला. सहा लाख "वाचले", त्यातले तीन कंपनीचे? न केलेल्या कामाचे?

कृष्णाकाठ

ताई, या प्रश्नावर माझीही दोन मतं आहेत, आणि करार करणाऱ्यांत एकमत नाही. जसंच्या तसं सोडलं तर मालक १८ देतात, १२ खर्च, तीन मूळ नफा आणि तीन बचतीचा वाटा. कंपनीला चार महिन्यांत सहा लाख सुटतात. ते विचित्र दिसतं. दुसरी रीत म्हणजे काढलेल्या फीचरांइतकं टार्गेट खाली आणायचं. हिशेबाला ते रास्त आहे, पण मग काम कमी सुचवण्यात कंपनीला काहीच मिळत नाही. "काका, हा रिपोर्ट कुणी बघणार नाही, काढून टाकू का?" असं कोणता डेव्हलपर विचारेल मग?

मधली वाट अजाइलमधली स्क्रम पद्धत काढणाऱ्यांपैकी एक, जेफ सदरलँड, यानं मांडलेली आहे. ग्राहकाला पाहिजे तेव्हा थांबता येतं, राहिलेल्या कामाच्या किमतीच्या समजा २० टक्के देऊन. इथं चार महिन्यांचे १४ लाख झाले, राहिले ७, त्याचे २० टक्के १.४. मालक १५.४ देऊन मोकळे, कंपनीला ३.४ नफा, आणि चार माणसं दोन महिने आधी दुसऱ्या कामाला. त्याच मांडणीचा दुसरा भाग असा की तेवढ्याच आकाराची एक गोष्ट काढून दुसरी घातली तर जादा पैसे नाहीत. यादी मोकळी ठेवायची असेल तर हे कलम लागतंच.

टेस्टरताई

तेवढ्याच आकाराची हे ठरवणार कोण? प्रत्येक स्टोरीला, म्हणजे कामाच्या तुकड्याला, आकाराचे पॉइंट टीमच देते. अदलाबदल करायची वेळ आली की नवीन स्टोरी आपोआप आठ पॉइंटची होते. मी बघितलंय, तीन महिन्यांत पॉइंट फुगतात आणि व्हेलॉसिटी, म्हणजे टीमचा वेगही वाढल्यासारखा दिसतो.

कृष्णाकाठ

खरंय. म्हणून टार्गेट पॉइंटला कधीच बांधू नये, रुपयांना बांधावं. अदलाबदलीसाठी सुरुवातीच्याच पाचसहा स्टोऱ्या नमुना म्हणून गोठवून ठेवायच्या आणि "ही आवक पावतीएवढी की भाडं बिलाएवढी" असं मालकांच्या माणसासमोर ठरवायचं. त्यानं पूर्ण सुटत नाही, पण फुगवटा लगेच डोळ्यात येतो.

शीतगृहवाला

एक सांगा. लवकर संपवून बचत घ्यायची म्हणून पोरांनी कच्चं काम दिलं तर? माझ्याकडं चूक जानेवारीत कळत नाही. एप्रिलात गाड्यांची रांग लागते तेव्हा कळते.

कृष्णाकाठ

तो धोका टार्गेटमध्ये आहेच, आणि टी अँड एमपेक्षा जास्त आहे. बचतीचा वाटा एका हप्त्यात देऊ नका. अर्धा स्वीकृतीला द्या, अर्धा एक हंगाम निघाल्यावर. स्वीकृतीपूर्वीच्या दुरुस्तीचे तास खर्चात धरा, म्हणजे अर्धे त्यांच्या अंगावर. स्वीकृतीनंतरच्या चुका त्यांनी फुकट निस्तरायच्या.

दुसरं टोकही लक्षात ठेवा. खर्च २४ च्या जवळ गेला की कंपनीची वागणूक बदलते, कारण पुढचं सगळं तिच्या अंगावर. तासांच्या तक्त्यात ते आधी दिसतं. जुन्या जाणत्या माणसाचे तास कमी होतात, नवख्याचे वाढतात, बंद केलेले बग पुन्हा उघडतात. म्हणून दर महिन्याला एकच आकडा मागायचा: आजवरचा खर्च अधिक संपेपर्यंत लागणारा खर्च. दुसऱ्या महिन्यातच तो २२ दिसला तर तेव्हाच यादी कापायला बसा. चार महिने १८ दाखवून पाचव्यात एकदम २३ दाखवला, तर अंदाज कुणी करतच नव्हतं असं समजा.

हिशेबी

शेवटच्या हिशेबाचं विसरू नका. महिन्याची बिलं टार्गेटच्या दरानं निघणार आणि वाटणी शेवटी होणार. मालकांचं देणं निघालं तर त्या फरकाचं वेगळं बिल, आणि त्यांना परत द्यायचे असतील तर क्रेडिट नोट, दोन्हीवर जीएसटीसकट. करारात आधी लिहिलं नाही तर मार्चअखेर दोघांचेही अकाउंटंट मला शिव्या घालतात.

विश्रामबागकर

मालकांशी फोनवर बोललो. टार्गेट त्यांना पटलंय, सीलिंग २४ ला भागीदारही तयार आहेत. पण ते म्हणाले, तुम्ही लहान माणसं, तुमच्यावर निम्मा भार नको, आम्ही ७० घेतो, तुम्ही ३० घ्या. मला तर हे चांगलंच वाटतंय. सही करू?

कृष्णाकाठ

मनानं चांगले आहेत मालक. पण सूत्रात घालून बघा. वरचं अंतर तीन लाखांचंच राहिलं आणि मालकांचा वाटा ०.७ झाला, तर ३ भागिले ०.७ म्हणजे ४.३, अधिक १८, म्हणजे २२.३. पूर्वी २४ लाखांच्या खर्चापर्यंत भार वाटला जात होता, आता २२.३ लाच थांबला. तिथं तुमचा नफा १.७ लाख असेल आणि पुढच्या १.७ लाख खर्चात तो सगळा जाईल. २४ ला दोन्हीकडं तुम्ही शून्यावरच. ३० टक्क्यांत सुरुवातीचा उतार सौम्य आणि शेवटी कडा. शिवाय लवकर संपवलं तर बचतीतलेही ३० टक्केच, पाच महिन्यांत झालं तर नफा साडेचारऐवजी ३.९.

विश्रामबागकर

मग ३० घेऊन सीलिंग वाढवून मागतो.

कृष्णाकाठ

वळण २४ वरच ठेवायचं तर सीलिंग २५.२ लागेल.

शीतगृहवाला

२४ ला हो म्हणालेले भागीदार २५.२ ला हो म्हणत नसतात, हे मी आजच सांगतो. त्यापेक्षा टार्गेटच नीट काढा की. नावबदल ऐकल्यावर तुमचे १८ मला खरे वाटत नाहीत.

कृष्णाकाठ

काकांचं ऐका. पहिला महिना साध्या टी अँड एमवर घ्या, साडेतीन लाखांपुरता, दोघांनाही थांबायची मुभा ठेवून. आवक पावती आणि नावबदल ही दोन कामं त्यात खरी करून बघा. मग टार्गेट ठरवा, १८ येवो की साडेएकोणीस.

विश्रामबागकर

महिना घालवला तर हंगामाच्या आधी पाचच उरतात.

एमबी_रेकॉर्ड

घालवला कसा? काम तर चालूच आहे ना.

विश्रामबागकर

तेही खरं. बुधवारी मालकांकडं बसणार आहोत, भाचाही येतोय. पहिल्या महिन्याचं मांडतो. ५०-५० की ७०-३० ते टार्गेट निघाल्यावर बोलू असं सांगतो. बचतीचा अर्धा हप्ता हंगामानंतर द्यायचा, ही अट कुणी प्रत्यक्ष लावली असेल तर "हंगाम संपला" हे करारात कशावरून धरलं तेवढं लिहा. तारखेवरून की आवक किती झाली त्यावरून?